आईचे आजारपण, रात्रीची झोप आणि तिघांचा हिशोब

आई-वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च भावंडांत वाटून घ्यायचा म्हटले की बहुतेक घरांत सर्वांत आधी सुचते ती समान वाटणी. तिघे असतील तर तीन भाग, चौघे असतील तर चार. ही पद्धत सोपी आहे आणि वरवर पाहता तिच्यात वादाला जागाही नाही. तरीही जेथे ती लावली जाते तेथे वर्ष उलटायच्या आत कोणीतरी आतल्या आत धुमसू लागते. याचे कारण असे की समान वाटणीत फक्त बिलांचीच बेरीज होते, आणि आजारी माणसाच्या घरातला निम्मा भार कोणत्याही बिलावर छापलेला नसतो. रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाची पावती कोणी फाडत नाही. शिवाय ज्याच्या हातात महिनाअखेर पंधरा हजार उरतात आणि ज्याच्या हातात पन्नास हजार उरतात, त्या दोघांना नऊ हजारांचा एकच आकडा अगदी वेगवेगळ्या वजनाचा वाटतो.

आमच्या घरी हा प्रश्न आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा उभा राहिला. तिची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे अडखळू लागले. आई ७२ वर्षांची आहे आणि अण्णा ७७ वर्षांचे. दोघे साताऱ्यात थोरल्या भावाजवळ, म्हणजे दादा-वहिनींजवळ राहतात. मी पुण्यात नोकरी करते आणि धाकटा नंदू टोरांटोला असतो. मी लेखा विभागात काम करत असल्यामुळे हा हिशोब आपसूकच माझ्याकडे आला. मी जो प्रस्ताव भावांपुढे ठेवला त्याचा तपशील येथे देत आहे. प्रत्येक घराचे आकडे वेगळे असतील, पण पायऱ्या फारशा बदलणार नाहीत.

पहिली पायरी म्हणजे रुग्णालयाचा खर्च आणि घरचा खर्च वेगळे करणे. हे दोन खर्च स्वभावाने वेगळे असतात. रुग्णालयाचा खर्च एकदम येतो, मोठा असतो, आणि त्याच्यासाठी काही ना काही आधार सापडतो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत घेतले आहे. आधार कार्डावरून वय वंदना कार्ड निघते आणि योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र ही रक्कम माणशी नसून कुटुंबातील ज्येष्ठांना मिळून असते. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर त्यांना तेच ५ लाख वाटून वापरावे लागतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. भावंडांकडे पैसे मागण्याआधी ही कार्डे काढून झाली आहेत का, हे पाहणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. जे सरकारकडून मिळू शकते त्याचा तिसरा हिस्सा भावाकडे मागण्यात काही अर्थ नाही.

घरच्या खर्चाला मात्र असा कोणताही आधार नसतो. दाखल झाल्यावर लागणारा खर्च योजनेत बसतो आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांची औषधेही बसतात, पण पुढे महिनोन् महिने लागणारी सांभाळणारी बाई, व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट आणि डायपर कोणत्याच योजनेत बसत नाहीत. भावंडांत कटुता येते ती बहुधा या दुसऱ्या खर्चावरून. अँजिओप्लास्टीला सगळे धावत येतात आणि कर्ज काढूनही पैसे भरतात. दर महिन्याला गुपचूप जाणाऱ्या छत्तीस हजारांची मात्र कोणाला सवय होत नाही.

छत्तीस हजार हाच आमचा आकडा होता. ब्युरोकडून दिवसा बारा तास येणाऱ्या मावशींचे १५,००० रुपये, महिन्यात वीस वेळा घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे प्रत्येक वेळी ४०० याप्रमाणे ८,०००, आई आणि अण्णा दोघांची मिळून औषधे ७,५००, डायपर आणि गादीवर घालायच्या शीट्स ३,५००, आणि तपासण्या व डॉक्टरांची फी सरासरी २,०००. ही सरासरी काढण्यासाठी मी आधी तीन महिन्यांची बिले जमा केली. एकाच महिन्यावरून आकडा धरला तर चूक होते, कारण एखाद्या महिन्यात व्हीलचेअर घेतलेली असते आणि एखाद्या महिन्यात औषधांच्या दोन महिन्यांच्या पट्ट्या एकदम आणलेल्या असतात.

दुसरी पायरी म्हणजे आई-वडिलांचे स्वतःचे पैसे. या बाबतीत आपल्याकडे दोन टोके दिसतात. काही घरांत मुले अभिमानाने सांगतात की आम्ही वडिलांच्या पैशाला हात लावत नाही, आणि मग तिघांपैकी जो कमी कमावतो तो मान खाली घालून कर्ज काढतो. काही घरांत याच्या उलट आधी वडिलांच्या ठेवी मोडल्या जातात आणि म्हाताऱ्या माणसाला नातवाच्या हातावर शंभर रुपये ठेवायचे असतील तरी मुलाकडे हात पसरावा लागतो. माझे मत असे की उत्पन्न वापरावे, पण मुद्दल मोडू नये, आणि उत्पन्नातलाही काही भाग त्यांच्या हातात राहू द्यावा. अण्णा सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांना भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून २,७५० रुपये पेन्शन मिळते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यांचे १५ लाख आहेत. ८.२ टक्क्यांनी त्यावर दर तिमाहीला ३०,७५० रुपये, म्हणजे महिन्याला १०,२५० रुपये व्याज येते. दोन्ही मिळून १३,००० झाले. त्यातले ४,००० अण्णांच्या हातखर्चाला ठेवून ९,००० औषधपाण्याकडे वळवायचे, असे त्यांना विचारून ठरवले. आधी ते पूर्णच रक्कम देत होते. लग्नाकार्यातला आहेर आणि वर्तमानपत्राचे बिल माझ्या खिशातून द्यायला मला आवडेल, असे त्यांनीच मग हळूच सुचवले.

३६,००० मधून ९,००० वजा जाता २७,००० उरतात. बहुतेक घरे येथे थांबतात आणि तीनने भागून प्रत्येकी ९,००० चा निकाल लावतात. माझा प्रस्ताव येथून पुढे सुरू होत होता.

वहिनीची रात्र कशी जायची ते मी शनिवार-रविवारी साताऱ्याला मुक्कामाला असताना पाहिले होते. आईला स्वतःहून कूस बदलता येत नाही. पाठीला आणि टाचांना जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितले होते. दहाची औषधे झाली की वहिनी बाराचा गजर लावून आडवी व्हायची, मग दोनचा, मग चारचा. प्रत्येक वेळी पाठीमागची उशी काढून दुसऱ्या बाजूला लावायची, डायपर पाहायचा, टाचा उचलून त्यांच्याखाली टॉवेलची घडी सरकवायची, आणि आईला पाणी हवे असेल तर ते नुसते न देता दाटपणा आणणारी पावडर घालून चमच्याने पाजायचे, कारण पातळ पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सकाळी साडेसहाला मुलाचा डबा असायचाच. दादा मदत करायचा, पण त्याला नोकरीवर जायचे असल्यामुळे रात्रीचा मुख्य भार वहिनीवरच होता. ती घरी शिकवण्या घेत असे, त्याही तिने बंद केल्या होत्या.

या कामाची किंमत ठरवताना मी भावनेत न शिरता सरळ ब्युरोला विचारले की रात्रीच्या बारा तासांना सांभाळणारी बाई हवी असेल तर महिन्याला किती पडतील. उत्तर होते १४,००० रुपये. तेव्हा आमचा खरा मासिक भार २७,००० नव्हताच. तो २७,००० अधिक १४,००० म्हणजे ४१,००० होता, आणि त्यातले १४,००० रुपये एक घर रोख न देता श्रमाने फेडत होते. माझ्या प्रस्तावाचा सगळा गाभा या एका बेरजेत आहे. सांभाळण्याचे काम आधी खर्चात मिळवायचे, मग एकूण रक्कम वाटायची, आणि शेवटी ज्याने ते काम केले त्याच्या वाट्यातून ते वजा करायचे. वाटणी झाल्यावर वहिनीचे कौतुक करून हा भाग मिटवला जातो, आणि त्यामुळेच तो कधी मिटत नाही.

आता ४१,००० कोणत्या प्रमाणात वाटायचे, हा प्रश्न राहतो. पगाराच्या प्रमाणात वाटावे असे अनेकजण सुचवतात, पण पगारावरून कुवत कळत नाही. मी सुचवले ते असे की प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या कमाईतून आपल्या घराचा टाळता न येणारा खर्च वजा करावा आणि उरणारा आकडा तेवढा सांगावा. पगाराची पावती कोणी कोणाला दाखवायची नाही. टाळता न येणारा खर्च म्हणजे घरभाडे किंवा राहत्या घराचा हप्ता, किराणा, मुलांची फी, विम्याचे हप्ते, प्रवास, आणि म्हातारपणासाठी बेताने टाकलेली बचत. त्यात आणखी एक गोष्ट मी आग्रहाने घातली, ती म्हणजे जोडीदाराच्या आई-वडिलांसाठी होणारा खर्च. माझ्या सासूबाईंच्या औषधांना आम्ही दोघे मिळून पैसे देतो आणि वहिनीच्या आईकडेही त्यांना पाहावे लागते. मुलीने माहेरचे पाहायचे तर तिच्या नवऱ्याने त्याच्या आईचे पाहणेही तितकेच खरे, नाहीतर एका घराचा न्याय दुसऱ्या घरावर अन्याय होऊन बसतो.

नंदूच्या बाबतीत दोन अडचणी आल्या. पहिली डॉलरची. परदेशी राहणाऱ्या भावाच्या पगाराला रुपयाच्या भावाने गुणायचे आणि त्याच्याकडे कुबेराकडे पाहावे तसे पाहायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तिकडचे भाडे, पाळणाघर आणि विमा हे सगळे डॉलरमध्येच जाते. म्हणून वजाबाकी तिकडच्या चलनात पूर्ण करायची आणि जे उरेल तेवढ्याचेच रुपये करायचे, असे ठरले. दुसरी अडचण अधिक नाजूक होती. नंदूने पुण्यात गुंतवणूक म्हणून एक फ्लॅट घेतला आहे आणि त्याचा हप्ता तो टाळता न येणाऱ्या खर्चात धरू पाहत होता. तो हप्ता धरला असता तर त्याच्याकडे उरणारी रक्कम माझ्याहून कमी दिसली असती. मी त्याला एवढेच म्हटले की राहत्या घराचा हप्ता खर्च आहे, दुसऱ्या घराचा हप्ता ही तुझी पुंजी आहे, आणि पुंजी वाढवून झाल्यावर उरलेल्यातून आईचे पाहायचे असेल तर दादानेही उद्या सोन्याची भिशी लावून तेच म्हणावे. त्याने नाक मुरडले, पण आकडा दुरुस्त करून पाठवला.

शेवटी आकडे असे आले: दादाचे १५,०००, माझे ३५,००० आणि नंदूचे ५०,०००. एकूण बरोबर एक लाख झाल्यामुळे माझे काम सोपे झाले. या प्रमाणात ४१,००० वाटले तर दादाचा वाटा ६,१५०, माझा १४,३५० आणि नंदूचा २०,५०० येतो. दादाच्या घरातून १४,००० रुपयांचे काम आधीच होत असल्यामुळे त्याने रोख काही द्यायचे राहत नाही. उलट ७,८५० रुपये दरमहा त्याच्या घरात जायला हवेत. माझे आणि नंदूचे मिळून ३४,८५० होतात. त्यातले २७,००० बिलांना आणि ७,८५० दादाकडे.

हे वाचून दादा चिडला. ‘आईचं केल्याचे पैसे घेऊ का मी? उद्या गावात तोंड दाखवायचंय मला,’ असे तो फोनवर म्हणाला. असा प्रस्ताव मांडणाऱ्या प्रत्येकाने ही प्रतिक्रिया गृहीत धरावी, कारण ती खरी असते आणि ती अपमानातून येते. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटले, पैसे तुला नाहीतच, आणि मग वहिनीला फोन द्यायला सांगितला. तिचे उत्तर माझ्या गणितापेक्षा नेमके होते. ‘ताई, मला पैसे नकोत. एक रात्रीआड झोप मिळाली तरी पुष्कळ झालं.’

मग तसेच केले. एक रात्रीआड ब्युरोची बाई येऊ लागली, महिन्याला साधारण ७,००० रुपये खर्चून. आता रोख खर्च २७,००० वरून ३४,००० झाला आणि वहिनीच्या श्रमाचा आकडा १४,००० वरून ७,००० वर आला. एकूण भार मात्र ४१,००० च राहिला. दादाचा वाटा ६,१५०, त्यातून त्याच्या घरचे काम ७,००० वजा, म्हणजे त्याच्याकडे ८५० रुपये जायचे. ते त्याने अण्णांच्या चष्म्यासाठी बाजूला ठेवले. माझ्या आणि नंदूच्या आकड्यात एका रुपयाचाही फरक पडला नाही. श्रम आधी हिशोबात धरल्याचा हा फायदा असतो. उद्या वहिनीने शिकवण्या पुन्हा सुरू करून सगळ्या रात्रींना बाई ठेवायचे ठरवले, तर ‘खर्च वाढला’ म्हणून कोणी भुवया उंचावणार नाही, कारण तो खर्च आधीपासून होताच, फक्त तो एकटीच्या डोळ्यांवर लिहिलेला होता.

नंदूने एक शंका काढली आणि ती रास्त होती. दादा वडिलांच्या घरात राहतो, त्याला भाडे पडत नाही, ते कुठे धरले आहे? याचे उत्तर आकड्यांतच होते. दादाच्या टाळता न येणाऱ्या खर्चात घरभाडे नाही, म्हणूनच त्याच्याकडे पंधरा हजार उरतात. भाडे द्यावे लागले असते तर सात-आठ हजारच उरले असते आणि त्याचा वाटाही तेवढाच खाली आला असता. म्हणजे भाड्याची बचत एकदा धरली गेली आहे. ती पुन्हा धरली तर दादावर दुहेरी आकारणी होईल.

या शंकेच्या पाठीमागे खरा प्रश्न घराच्या मालकीचा होता, आणि तो बहुतेक घरांत असतो. ‘ज्याला घर मिळणार त्याने करावे’ हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते, पण त्याने आजच्या औषधांची किंमत पंधरा वर्षांनंतरच्या कल्पित वाटणीवर टाकली जाते. मृत्युपत्र वडील हयात असेपर्यंत कधीही बदलता येते. त्याच्या भरवशावर आज खर्च करणारा आणि त्याच्याकडे बोट दाखवून आज खर्च न करणारा, दोघेही हवेत असतात. म्हणून वाटणीचा विषय या कागदावर घ्यायचा नाही, असे मी पहिल्याच ओळीत लिहिले होते. याला अपवाद एकच आहे. वडिलांनी हयातीतच घर बक्षीसपत्राने एका मुलाच्या नावे केले असेल, तर ती मिळालेली मालमत्ता आहे आणि ती धरलीच पाहिजे. अशा वेळी बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण अधिनियमातील कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता घेऊन नंतर हात वर करणाऱ्याचे हस्तांतरण रद्द करून घेता येते. अट लिहिलेली नसेल तर म्हाताऱ्या माणसांची बाजू लंगडी पडते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर मुलींबद्दल लिहिते. आमच्याकडे अण्णांना माझ्याकडून पैसे घेणे जड गेले. जावयाच्या घरचे पैसे नकोत, ही त्यांची भावना. पण १९५६ च्या कायद्यापासून वृद्ध आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले की लग्न झाले म्हणून मुलीची ही जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्राने १९९४ सालीच, म्हणजे देशाच्या ११ वर्षे आधी, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. हक्काच्या वेळी मुलगी आणि खर्चाच्या वेळी पाहुणी, असे चालत नाही, आणि याच्या उलटही चालत नाही. २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे दाद मागता येते, पण त्यात ठरणाऱ्या निर्वाह भत्त्याला महिन्याला १०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. आमच्या ३६,००० च्या बिलापुढे ती पाहिली की कळते, हे प्रकरण घरातच मिटवण्याला पर्याय नाही.

प्रस्ताव मांडण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर हा विषय काढू नये आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर तर मुळीच काढू नये, कारण तेथे आत्या आणि मामेभाऊही वाचत असतात. मी दोघा भावांना स्वतंत्र पत्र पाठवले. त्यातला मजकूर साधारण असा होता: ‘दादा, नंदू, सोबत आईच्या तीन महिन्यांच्या खर्चाचा कागद आहे. कोणी आतापर्यंत किती दिले हे त्यात मुद्दाम लिहिलेले नाही आणि मागचे काही उकरायचे नाही. येत्या १ तारखेपासून कसे करायचे एवढेच ठरवायचे आहे. माझ्याकडे दरमहा ३५,००० उरतात, ते मी आधी लिहिते. तुम्ही आपापला आकडा रविवारपर्यंत कळवा. कागदात काही राहिले असेल, विशेषतः दादा-वहिनींचे, तर ते भरा.’ आपला आकडा आधी लिहिणे आणि मागची थकबाकी सोडून देणे, या दोन गोष्टींनी निम्मे काम होते. मागचे उकरले की कोणी २०१४ साली अण्णांच्या मोतीबिंदूला पैसे दिले तेथपर्यंत जावे लागते.

पैशाच्या वाट्यावरून मताचा वाटा ठरवायचा नाही, हेही आम्ही लिहून घेतले. जास्त पैसे देणाऱ्याला दूरवरून ‘दुसरा फिजिओ बघा’ म्हणण्याचा मोह होतो. आमच्यात ठरले ते असे की २५,००० रुपयांपर्यंतचा निर्णय दादा-वहिनींनी कोणालाही न विचारता घ्यायचा, त्यावरच्या गोष्टींसाठी तिघांनी बोलायचे, आणि तातडीच्या वेळी आकड्याचा विचारच करायचा नाही. त्यासाठी अण्णा आणि दादा यांच्या नावे एक संयुक्त खाते उघडले. त्यात याच प्रमाणात भर घालून ३ लाखांची गंगाजळी करायची आहे. रात्री रुग्णालयात अनामत भरायची वेळ आली तर दादाला स्वतःच्या पगारखात्याकडे पाहायला लागू नये, हा तिचा उद्देश. योजनेचे कार्ड असले तरी जवळचे रुग्णालय त्या योजनेत असेलच असे नाही.

प्राप्तिकराचा मुद्दा लहान आहे, पण पैशाचा आहे. आईचा आरोग्य विमा नाही. अशा ज्येष्ठ आई-वडिलांच्या उपचारांवर मुलाने किंवा मुलीने केलेल्या खर्चाला, जी सवलत वर्षानुवर्षे ८०-ड या नावाने ओळखली गेली तिच्याखाली, ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. दोन अटी आहेत: खर्च रोखीने केलेला नसावा, आणि करदाता जुन्या करप्रणालीत असावा. भावंडांपैकी ज्याने जितके स्वतः भरले तितक्याचीच वजावट त्याला मिळते. म्हणून औषधांच्या दुकानाचे आणि डॉक्टरांचे पैसे मी थेट माझ्या खात्यातून देते. नंदूला भारतात या सवलतीचा उपयोग नाही, तेव्हा तो मावशींच्या पगाराची आणि डायपरची रक्कम अण्णांच्या खात्यात पाठवतो. मुलाने वडिलांना पाठवलेल्या या पैशावर अण्णांना कर लागत नाही.

व्यवस्था बिघडू लागल्याचे पहिले लक्षण वादात दिसत नाही. बिलांचे फोटो उशिरा येऊ लागतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली दोनशे-तीनशेची मलमे आणि हातमोजे दादा लिहीत नाही आणि विचारले की ‘जाऊ दे, मी बघतो’ म्हणतो. हे ‘मी बघतो’ महिन्याला दोन-अडीच हजारांपर्यंत जाते आणि वर्षाने ते कधीतरी एकदम तोंडातून बाहेर पडते. म्हणून किरकोळ खर्चासाठी दरमहा २,००० ची उचल दादाकडे आधीच द्यायची आणि तिची बिले मागायची नाहीत, असे आम्ही नंतर ठरवले. ही रक्कमही त्याच प्रमाणात वाटली जाते, म्हणजे दादाच्या वाट्याला तीनशे येतात.

प्रमाण कायमचे ठरवलेले नाही. दर दिवाळीला आणि एप्रिलमध्ये तिघांनी आपले उरणारे आकडे पुन्हा कळवायचे, आणि मध्ये कोणाची नोकरी गेली तर त्याने त्याच महिन्यात सांगायचे, उरलेल्या दोघांनी कारण न विचारता भार उचलायचा. पहिल्या फेरतपासणीत आईचा व्यायाम घरच्या घरी जमू लागल्यामुळे फिजिओथेरपिस्टच्या महिन्यातल्या फेऱ्या वीसवरून आठवर आल्या, आणि वहिनीने दोन संध्याकाळी शिकवण्या पुन्हा सुरू केल्यामुळे मावशींना तेवढे जास्त तास लागू लागले. फिजिओथेरपीचे वाचलेले ४,८०० रुपये त्या तासांकडे वळवले आहेत.